घर माझा की घर माझं?

मराठी कथा-कादंबरीत मुसलमान पात्र आलं की ते बोलतं कसं, हे आपण आधी पाहतो. नाटक-सिनेमाने आपल्याला एक ठरावीक मुसलमान दिलेला आहे. तो धड हिंदी बोलत नाही, धड मराठी बोलत नाही आणि तोंड उघडलं की प्रेक्षक हसतात. त्यामुळे एखाद्या गंभीर कादंबरीत आपल्यातली एखादी आजी व्याकरण मोडून बोलू लागली की मनात पहिली शंका येते, ही पुन्हा आपली थट्टा तर नाही? आणि दुसरी शंका लगेच मागून येते, की आपल्या घरातल्या म्हाताऱ्या असंच तर बोलतात, मग ते छापलं तर बिघडलं कुठे?

या दोन शंकांचा सामना वाचकाच्या आधी मुद्रितशोधकाला करावा लागतो. लेखकाने मुद्दाम मोडलेलं वाक्य त्याच्यासमोर येतं तेव्हा त्याच्या हातात लाल पेन असतं. ते वाक्य दुरुस्त करावं की राहू द्यावं, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. म्हणून इथे दोन मुद्रितशोधकांना समोरासमोर बसवतो. माणसं आणि कादंबरी दोन्ही कल्पनेतली आहेत, वाद मात्र खरा आहे.

एक आहेत चाचा. छापखान्यात खिळे जुळवण्याच्या काळापासून प्रुफं वाचत आलेले, घरी दखनी बोलणारे, मराठी लेखनाचे नियम तोंडपाठ असलेले. दुसरी आहे ताई. मराठीत एम. ए. केलेली, चार वर्षांपासून प्रकाशनात काम करणारी, चाचांकडूनच प्रुफाच्या खुणा शिकलेली. समोर एका कादंबरीचं दुसरं प्रूफ आहे. कादंबरी मिरजेकडची. त्यातली विधवा आजी घरात दखनी बोलते आणि बाहेर मराठी. पतीच्या मागे घर तिच्या नावावर चढत नाही, त्यासाठी ती तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीत खेटे घालते. ती म्हणते :

"घर माझा आहे. नवरा मेला तेव्हा कागद तलाठ्याकडे होता. तलाठी सांगितला, उद्या ये. मी उद्या गेली, परवा गेली, कागद नाही आला."

चाचा : ताई, या चार ओळींत तीन चुका आहेत. 'घर माझं', 'तलाठ्याने सांगितलं', 'मी गेले'. पहिल्या प्रुफात मी तिन्ही दुरुस्त केल्या होत्या. त्या पुन्हा आल्या कशा?

ताई : मी खाली टिंबं दिली आणि समासात 'मूळप्रमाणे' लिहिलं. लेखकाच्या प्रतीत तसंच आहे, चाचा. आणि सगळ्या पुस्तकभर तसंच आहे.

चाचा : लेखकाच्या प्रतीत 'आर्शीवाद' असतं, ते आपण ठेवतो का?

ताई : नाही, कारण 'आर्शीवाद' लिहिताना लेखकाचं लक्ष नव्हतं. इथे लक्ष आहे. तुम्हीच बघा. आजी 'घर माझा' म्हणते, 'पाणी थंड झाला' म्हणते, 'नाव माझा' म्हणते, 'काम झाला' म्हणते. पण 'पुस्तक तुझी कुठे आहे' म्हणते, तिथे 'पुस्तक तुझा' म्हणत नाही. का?

चाचा : (थोडं थांबून) कारण किताब बाई आहे.

ताई : आणि घर, पानी, नाम, काम हे सगळे पुरुष. आजीच्या घरच्या भाषेत नपुंसकलिंग नाहीच. मराठी बोलताना ती प्रत्येक नपुंसक शब्दाला आपल्याकडचं लिंग देते. म्हणजे ती नियम मोडत नाही, दुसरा नियम पाळते. लेखकाला हे कळलेलं आहे. 'कागद होता' हे बरोबर आहे, कारण कागद दोन्हीकडे पुल्लिंगीच. नुसती चूक करायची असती तर लेखकाने 'कागद होती'सुद्धा लिहिलं असतं.

इथे ताईचा मुद्दा जरा सावकाश पाहू, कारण वादाचा पाया तोच आहे. आपल्याकडे 'शुद्धलेखन' आणि 'व्याकरण' या दोन गोष्टी एकाच पेनाने दुरुस्त होतात, म्हणून त्या एकच वाटतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक 14 नियम 1962 साली शासनाने मान्य केले, 1972 साली त्यांत चार नियमांची भर पडली आणि ते 18 झाले. मुद्रितशोधकाचा अधिकार मुख्यतः या अठरा नियमांवर उभा आहे. हे नियम अनुस्वार कुठे द्यायचा, ऱ्हस्व-दीर्घ कसं लिहायचं, अशा गोष्टी सांगतात. पात्राच्या तोंडी 'असं केलं', 'त्यांनी सांगितलं' अशी बोलण्यातली रूपं अनुस्वार देऊन लिहायला त्यांत मुभाही आहे. म्हणजे संवादाची भाषा वेगळी असते, हे नियमकर्त्यांनीही मानलं होतं. पण घर नपुंसकलिंगी आहे असं या अठरांपैकी एकही नियम सांगत नाही. 'घर माझा' हे वाक्य लेखनाच्या दृष्टीने पूर्ण शुद्ध आहे. ते प्रमाण मराठीच्या व्याकरणात बसत नाही एवढंच. आणि पात्राने कोणत्या व्याकरणाने बोलावं हे ठरवणं लेखकाचं काम आहे.

'तलाठी सांगितला' याचंही तसंच. मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माकडे किंवा नपुंसकाकडे वळतं. दखनीत हा 'ने' जवळपास नाही. 'उसने कहा' ही उत्तरेची उर्दू झाली, आपल्या दखनीत माणूस थेट 'बोल्या' असतो. त्यामुळे आजी 'तलाठी सांगितला' म्हणते. याला कुणी नुसतं अडाणीपण म्हणेल, त्याने प्रमाण मराठीकडेही एकदा पाहावं. 'तो धडा शिकला', 'ती मराठी बोलली', 'तो नाव विसरला' या वाक्यांत कर्म असूनही 'ने' नाही आणि ती वाक्यं पुस्तकी मराठीत चालतात. 'त्याने म्हटलं' आणि 'तो म्हणाला' या दोन्ही रचना एकाच अर्थाने शेजारीशेजारी नांदतात. आजी 'म्हणाला'च्या साच्यात 'सांगितला' ओतते. सोलापूरकडे 'मी जेवण केलो' म्हणणारे सगळे मुसलमान नाहीत, तिथे कानडी शेजारी आहे. जिथे दोन भाषा एका अंगणात राहतात तिथे हे होतंच.

पण चाचांचं ऐकून घ्यायला हवं.

चाचा : ताई, व्याकरण तुम्ही मला शिकवू नका. ही आजी माझ्या घरात होती. मला तिची भाषा तुमच्यापेक्षा जास्त कळते. माझा प्रश्न दुसरा आहे. या कादंबरीत तलाठी आहे, वकील आहे, शाळामास्तर आहे. सगळे मिरजेच्या आसपासचेच. त्या तलाठ्याच्या तोंडी काय आहे पाहा : "आपला अर्ज प्राप्त झालेला आहे, परंतु वारसांची नोंद अद्याप प्रलंबित आहे." कोणता तलाठी म्हातारीशी असं बोलतो?

ताई : नाही बोलत.

चाचा : मग? सगळे छापील मराठी बोलतात आणि एकटी मुसलमान म्हातारी मोडकं बोलते. अजून एक. तीन ठिकाणी 'शाळा'चं 'शाला' केलंय, दोन ठिकाणी 'पाणी'चं 'पानी'. आजी 'शाला' म्हणते हे मला मान्य. पण मास्तर 'ज्ञान' म्हणतात तेव्हा खरं तर 'द्न्यान' म्हणतात. सगळा महाराष्ट्र तसंच म्हणतो. ते 'द्न्यान' आपण मास्तरांच्या तोंडी छापतो का? नाही. त्यांचा उच्चार काहीही असो, त्यांना शब्दकोशातलं लेखन मिळतं. उच्चाराप्रमाणे लिहायचं ते फक्त आमच्या आजीचं. मी पन्नास वर्षं या भाषेत काम केलं. 'तुमचं मराठी छान आहे हो' असं मला आजही लोक कौतुकाने सांगतात. त्या कौतुकाचा अर्थ मला कळतो. म्हणून म्हणतो, आजीचं बोलणं नीट करा. तिलाही ते मिळू द्या.

चाचांचा राग व्याकरणाबद्दल नाही, वाटणीबद्दल आहे, आणि तो रास्त आहे. माझ्या मते त्यांनी इथे एकाच पिशवीत दोन वेगळ्या गोष्टी घातल्या आहेत. त्या सोडवून पाहिल्या तर दोघांचंही थोडंथोडं बरोबर निघतं.

'शाला' आणि 'पानी' या उच्चाराच्या खुणा आहेत. त्यांनी वाचकाला आजीबद्दल काही नवीन कळत नाही. फक्त डोळा अडखळतो आणि अडखळलेल्या डोळ्याला पात्र हास्यास्पद वाटू लागतं. शिवाय लेखकाने त्या मोजक्याच ठिकाणी केल्या आहेत, बाकी सगळीकडे आजीची 'शाळा' शाळाच आहे. म्हणजे तो निर्णय नाही, हात गेला तसं लिहिलेलं आहे. ते प्रश्नचिन्ह टाकून लेखकाला विचारावं आणि त्याची हरकत नसेल तर प्रमाण लेखन करावं. 'घर माझा' याचं तसं नाही. तो विचार करण्याचा साचा आहे, पुस्तकभर टिकलेला आहे आणि त्याच्यामागे आजीच्या घरातली दुसरी भाषा उभी आहे. तो पुसला तर ती दुसरी भाषाच कादंबरीतून पुसली जाते. मग आजी मुसलमान राहील ती फक्त नावापुरती.

यावरून कामाची एक पद्धत निघते आणि ताई तीच करत होती. प्रूफ हातात घेण्याआधी तिने वहीत आजीसाठी एक पान केलं. डावीकडे शब्द, उजवीकडे आजी देते ते लिंग, पुढे पान क्रमांक. घर : पुल्लिंग. पाणी : पुल्लिंग. पुस्तक : स्त्रीलिंग. 'ने' : येत नाही. 'मी' : गेली, आली, बसली. हे पान असलं की मुद्दाम मोडलेलं कोणतं आणि निसटलेलं कोणतं, हे सांगता येतं. पानात बसतं ते राहू द्यायचं, बसत नाही त्याच्यावर थांबायचं. आणि थांबल्यावरही आपणच निकाल द्यायचा नाही, समासात विचारायचं. उदाहरणार्थ एका ठिकाणी आजी 'लग्न झाली माझी' म्हणते आणि दुसऱ्या ठिकाणी 'लग्न झाला'. पहिल्यात तिच्या मनात शादी असेल, दुसऱ्यात निकाह. दोन्ही शक्य आहेत. अशा वेळी मुद्रितशोधकाने परस्पर एकसारखं करू नये.

परस्पर एकसारखं केलं की काय होतं, ते याच प्रुफात पुढे दिसलं.

चाचा : बरं, तुमचंच मानू. तुमच्या वहीप्रमाणे आजी नपुंसक बोलत नाही. मग पान 112 वर 'पाणी थंड झालं' आहे. आणि पान 203 वर 'हे घर माझं आहे'. दोन्ही आजीच्या तोंडी. आता तुमच्या नियमाने हे 'झाला' आणि 'माझा' करा.

ताई : पान 112 मी मूळ प्रतीशी ताडून पाहिलं. लेखकाच्या प्रतीत 'झाला' आहे. टाइप करणाऱ्याच्या हातून सवयीने 'झालं' झालंय. ते मी मूळप्रमाणे केलं.

चाचा : आणि 203?

ताई : 203 वाचा ना, चाचा. वरून वाचा.

पान 203 वर आजी तहसीलदारांसमोर उभी आहे. त्याच्या दोन पानं आधी तिची नात, जी शाळेत मराठी माध्यमात शिकते, आजीला एक वाक्य पाठ करून देते. साहेबांसमोर नीट बोल, नाहीतर ते ऐकणार नाहीत, असं नातीचं म्हणणं. आजी रात्रभर ते वाक्य पुटपुटते आणि सकाळी कचेरीत जाऊन म्हणते, "हे घर माझं आहे." तहसीलदार कागदातून मान वर करतो. पुढचं तिला पाठ नसतं. ती म्हणते, "तलाठी कागद दिला नाही. घर माझा आहे, साहेब."

चाचांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

चाचा : मी पहिल्या प्रुफात सगळं 'माझं' केलं होतं.

ताई : हो. तसं गेलं असतं तर हे वाक्य कुणाला दिसलंच नसतं. दोनशे पानं ती तसंच बोलत आली असती.

चाचा : आणि तुमच्या वहीप्रमाणे मी आत्ता तुम्हाला 'माझा' करायला सांगत होतो.

ताई : तरी गेलं असतं.

या प्रसंगात दोन्ही बाजूंचे धोके एकत्र दिसतात. सगळं शुद्ध केलं तर आजीने एका 'माझं'साठी रात्रभर केलेली मेहनत अदृश्य होते. आणि सुसंगतीच्या नावाखाली सगळं अशुद्ध केलं तर तीच मेहनत दुसऱ्या बाजूने पुसली जाते. एका अनुस्वारावर हा प्रसंग उभा आहे. म्हणून मुद्रितशोधकाने पात्राचं वाक्य नुसतं नियमाशी किंवा नुसतं वहीशी ताडून भागत नाही. ते वाक्य कुणासमोर, कशासाठी बोललं जातंय, हे वाचावं लागतं. माणूस घरात एक बोलतो आणि कचेरीत दुसरं बोलायचा प्रयत्न करतो, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

आता चाचांच्या वाटणीच्या प्रश्नाकडे येऊ. आजीचं बोलणं तसंच ठेवायचं, हे ठरलं. पण तलाठ्याने छापील मराठीत बोलावं आणि आजीने आपल्या, हा पक्षपात राहतोच. त्यावर उपाय आजीला दुरुस्त करणं नाही. समासात लेखकाला विचारणं आहे : 'तलाठ्याचं बोलणं मुद्दाम पुस्तकी ठेवलं आहे का?' लेखक म्हणेल, हो, तो कचेरीच्या भाषेमागे लपतो. मग ते कारण पुरेसं आहे. किंवा म्हणेल, माझ्या लक्षात आलं नाही. मग तो तलाठ्याला त्याची मिरजेची बोली देईल आणि आजी एकटी पडणार नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये किंवा आनंद यादवांच्या 'गोतावळा'मध्ये बोली एकट्या-दुकट्या पात्राला चिकटवलेली नाही, म्हणून तिथे ती थट्टा वाटत नाही. 'गोतावळा'त तर सगळं निवेदनच बोलीत आहे. मुद्रितशोधकाने असा प्रश्न विचारणं आगाऊपणाचं आहे असं काही लेखकांना वाटतं. मला तो त्याचा हक्क वाटतो. दुरुस्त करण्याचा हक्क मी संवादापुरता काढून घेतो, पण विचारण्याचा हक्क वाढवतो.

असाच आणखी एक प्रश्न चाचांसारख्या माणसालाच विचारता येतो आणि तो विचारला जायला हवा. महाराष्ट्रातले सगळे मुसलमान एकसारखे बोलत नाहीत. ही आजी मिरजेऐवजी चिपळूणची असती तर? कोकणी मुसलमानाच्या घरातली बोली मराठी-कोकणीच्या कुळातलीच आहे, दखनी नाही. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, त्यांनी 'इंधन' लिहिली ती कोकणातल्या मुसलमानांच्या जगातून. तिकडच्या आजीच्या तोंडी कुणी 'घर माझा' आणि 'कायकू' घातलं तर ते धाडसी लेखन नव्हे, साधी माहितीची चूक आहे. 'पात्र असंच बोलतं' ही ढाल प्रत्येक वेळी चालणार नाही. ते पात्र कुठलं, घरी काय बोलतं, मराठी कुठे शिकलं, या तीन प्रश्नांची उत्तरं वाक्यातल्या मोडीशी जुळली पाहिजेत. जुळली तर मोड राहू द्यावी. नाही जुळली तर मुद्दाम केलेली मोडही चूकच, आणि तसं लेखकाला सांगावं.

माझं मत यात झाकलेलं नाही. संवादातली जाणूनबुजून केलेली व्याकरणाची मोड मुद्रितशोधकाने दुरुस्त करू नये. पण 'लेखकाचं आहे, राहू द्या' म्हणून तिच्यावरून नजर फिरवूनही जाऊ नये. उलट शुद्ध वाक्यापेक्षा अशा वाक्यावर जास्त वेळ द्यावा लागतो, कारण तिथे मदतीला ना नियमपुस्तक असतं ना संगणकातली तपासणी. ती तपासणी 'घर माझा'खाली लाल रेघ ओढेलच असं नाही, कारण शब्द दोन्ही शुद्ध आहेत. आणि 'सांगितला' तर तिच्या दृष्टीने निर्दोषच आहे.

चाचांनी शेवटी समासात दोन नोंदी केल्या. 'शाला' जिथे होतं त्या तिन्ही ठिकाणी : 'शाळा करू का?' आणि तलाठ्याच्या त्या वाक्यासमोर : 'हा माणूस असा बोलेल?' पान 203 वरच्या 'माझं'खाली त्यांनी टिंबं दिली आणि 'मूळप्रमाणे' लिहिलं. खालच्या ओळीतल्या 'माझा'खालीही दिली.

ताईने विचारलं, "तिथे तर कुणी काही बदललंच नव्हतं, चाचा. टिंबं कशाला?"

"तिसरं प्रूफ दुसरं कुणी वाचेल," चाचा म्हणाले. "त्याच्यासाठी."